मदत हवी आहे: स्टॉपिंग पोटेन्शिअल उणे आलं तर?

नमस्कार मंडळी, चोपड्याला बारावीला फिजिक्स शिकवतो. फोटोइलेक्ट्रिक इफेक्टची वर्कशीट करतोय, एका गणितावर अडलंय.

सोडियमचं वर्क फंक्शन 2.3 eV घेतलं. 400 nm च्या प्रकाशात फोटॉनची ऊर्जा 1240/400 = 3.1 eV, म्हणून स्टॉपिंग पोटेन्शिअल 0.8 V. इथवर सगळे पोचतात. पुढचा भाग मुद्दाम 600 nm चा ठेवलाय. ऊर्जा 2.07 eV, वजाबाकी केली की −0.23. "सर, मायनसमा उनं!" म्हणत पोरं तेच −0.23 V उत्तर लिहून मोकळी होतात.

खरं तर थ्रेशोल्ड फ्रिक्वेन्सी 5.55 × 10¹⁴ Hz, म्हणजे तरंगलांबी जवळपास 539 nm. 600 nm ला इलेक्ट्रॉन सुटतच नाही, मग थांबवायचं कोणाला? प्रकाश कितीही प्रखर केला तरी तेच.

घोळ वाढतो तो आलेखामुळे. तिथे कलेक्टर −0.8 V वर दाखवतात, त्यामुळे पोरांना उणे चिन्ह ओळखीचंच वाटतं. मी स्टॉपिंग पोटेन्शिअलची फक्त किंमत लिहायला सांगतो.

थ्रेशोल्ड आधी तपासलीच पाहिजे, पण प्रश्नातूनच उत्तर फुटणार नाही, अशी शब्दरचना कोणी सुचवाल का? आणि −0.23 लिहून "उत्सर्जन नाही" म्हणणाऱ्याला तुम्ही पूर्ण गुण देता का?