मदत हवी आहे: फ्रेंचच्या तासाला अर्थ विचारायचं वाक्य कोणतं शिकवावं?
अगदी नवशिक्यांसाठी वाक्यं निवडतेय. पुन्हा सांगा म्हणायला ‘वू पूवे रेपेते, सिल वू प्ले?’ ठरलंय. हळू बोला म्हणायला त्यातच रेपेतेच्या जागी ‘पार्ले प्ल्यू लाँत्माँ’. इथे मुलं हमखास ‘प्ल्यूस’ म्हणतात. पुढे व्यंजन आहे, त्यामुळे स गिळायचा. एखादंच वाक्य निसटलं तर ‘झ ने पा कोंप्री’, म्हणजे ‘कळलं नाही’. अडलंय ते शब्दाचा अर्थ विचारताना. ‘केस्क सा वे दीर?’ नवख्यांच्या जिभेवर बसत नाही. ‘सा वे दीर क्वा?’ सोपं, पण बोलीतलं. नुसतं ‘क्वा?’ तर उद्धटच, त्याऐवजी ‘पार्दों?’ बरं. मग शेवटी क्वा आलेलं वाक्य शिक्षकांसमोर चालतं का? परीक्षेच्या तोंडी भागात कुणी वापरू दिलंय का?