रोजची मल्टीव्हिटॅमिन गोळी आणि चौरस ताटातली एक उणीव

मांजराकाठ (लातूर)
माझे वय 44 असून मला कोणताही आजार नाही. ज्वारीची भाकरी, तुरीचे किंवा मुगाचे वरण, हिरवी भाजी, शेंगदाण्याची चटणी, वाटीभर दही आणि हंगामातले फळ असे आमचे रोजचे जेवण आहे. मांस आणि अंडी आम्ही खात नाही. कार्यालयातले सहकारी रोज मल्टीव्हिटॅमिनची गोळी घेतात आणि मलाही आग्रह करतात. असे जेवण असताना गोळीचा खरोखर उपयोग होतो का?

बिंदुसरा (बीड)
माझे अठरा वर्षांपासून औषधांचे दुकान आहे आणि माझे मत गोळी घ्यावी असे आहे. रासायनिक खतांमुळे जमिनीचा कस गेला आहे, आडतीवरून घरी येईपर्यंत भाजी दोन दिवस पडून राहते, आणि आपण काय खाल्ले यावरून शरीराला काय मिळाले हे कोणालाच सांगता येत नाही. दिवसाला काही रुपये खर्चून ही शंका मिटत असेल तर तो खर्च मी वाया गेला असे म्हणणार नाही.

पूर्णाकाठ (परभणी)
मी अनेक वर्षे आहारशास्त्र शिकवले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. गोळीने निरोगी माणसाचे आयुष्य वाढते का, हृदयविकार टळतो का, हे पाहण्यासाठी अमेरिकेत पन्नाशी ओलांडलेल्या सुमारे 14,600 पुरुष डॉक्टरांना अकरा वर्षांहून अधिक काळ रोज खरी किंवा खोटी गोळी देण्यात आली होती. 2012 मध्ये निष्कर्ष आले तेव्हा हृदयविकार आणि पक्षाघात यांत काहीच फरक दिसला नाही. कर्करोगाचे प्रमाण मात्र किंचित, सुमारे आठ टक्क्यांनी, कमी दिसले. पुढे 2024 मध्ये जवळपास 3,90,000 निरोगी प्रौढांच्या वीस वर्षांहून अधिक काळाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा रोज गोळी घेणाऱ्यांचे आयुष्य वाढल्याचे आढळले नाही. म्हणून सर्वसाधारण फायद्यासाठी रोज गोळी घ्यावी, हे म्हणणे मला टिकणारे वाटत नाही.

परंतु ते अभ्यास अमेरिकेतल्या लोकांवर झाले, आणि त्यांतील बहुतेकांच्या जेवणात मांस, अंडी किंवा भरपूर दूध असते. तुमच्या ताटात विविधता आहे. तरीही बी12 हे जीवनसत्त्व ज्वारी, डाळी, पालेभाज्या किंवा फळे यांतून मिळत नाही. ते तुम्हाला केवळ दूध आणि दही यांतून मिळणार. दिवसभरात दोन चहांत मिळून शंभर मिलिलिटर दूध आणि शंभर ग्रॅम दही धरले, तरी जेमतेम 0.9 मायक्रोग्रॅम होते, आणि प्रौढांची शिफारस केलेली गरज 2.2 मायक्रोग्रॅम आहे. भाज्यांची संख्या दुप्पट केली तरी हा आकडा हलत नाही. यकृतात साठा असल्यामुळे ही तूट वर्षानुवर्षे जाणवत नाही, आणि निरोगी माणसाला ती कळत नाही ती त्यामुळेच.

जमिनीचा कस गेल्याबद्दल बिंदुसरा यांनी लिहिले आहे, परंतु बी12 चा प्रश्न खतामुळे उभा राहिलेला नाही. लोहापुरते म्हणाल तर आमच्याच विद्यापीठातून 2018 मध्ये आलेल्या ‘परभणी शक्ती’ या ज्वारीत लोह आणि जस्त नेहमीच्या वाणांपेक्षा अधिक आहे. ती सुधारणा धान्यातच होऊ शकते, त्यासाठी गोळी लागत नाही.

दुधना (जालना)
गोळी घेतल्यावर लघवी गडद पिवळी होते, म्हणजे सगळे बाहेरच जाते. पैसे वाया जातात एवढेच, त्रास मात्र काही नाही.

पूर्णाकाठ (परभणी)
तो पिवळेपणा बी2 या एका जीवनसत्त्वाचा आहे. त्याचा जादा भाग बाहेर पडतो हे तुमचे म्हणणे बरोबर आहे. परंतु ए, डी आणि ई ही जीवनसत्त्वे शरीरात साठतात. फिनलंडमध्ये सुमारे 29,000 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर अभ्यास झाला होता. 1994 मध्ये त्याचे निष्कर्ष आले तेव्हा ज्यापासून शरीर ए जीवनसत्त्व बनवते ते बीटा कॅरोटीन रोज 20 मिलिग्रॅम घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग अठरा टक्क्यांनी अधिक आढळला. साध्या मल्टीव्हिटॅमिनमध्ये एवढी मात्रा नसते, म्हणून घाबरण्याचे कारण नाही; पण विडी किंवा सिगारेट ओढणाऱ्याने गोळीच्या पाकिटावरील यादी वाचूनच ती घ्यावी.

बालाघाट (धाराशिव)
मी माळकरी आहे, त्यामुळे हा विषय माझ्या अंगावरून गेलेला आहे. दोन वर्षे मी न चुकता गोळी घेत होतो, आणि तरीही तळपायांना मुंग्या येत होत्या. हिमोग्लोबिन व्यवस्थित आल्यामुळे पहिल्या डॉक्टरांनी पुढे काही पाहिले नाही. दुसऱ्यांनी बी12 तपासले तेव्हा ते 130, म्हणजे बरेच कमी, निघाले. पाकीट उलटून पाहिले तर बी12 फक्त 1 मायक्रोग्रॅम आणि फॉलिक ॲसिड मात्र भरपूर. इंजेक्शनांनंतर मुंग्या कमी झाल्या, तरी रात्री अजून जाणवतात. गोळी घेतो म्हणून मी निश्चिंत राहिलो, याचे मला वाईट वाटते.

बिंदुसरा (बीड)
माऊली, तुम्हाला जे भोगावे लागले त्याने माझीच बाजू भक्कम होते. जेवणात तूट आहे असे पूर्णाकाठ मॅडमच म्हणतात, मग ती भरून काढायची कशाने?

पूर्णाकाठ (परभणी)
तूट भरायचीच आहे, परंतु या गोळीने ती भरत नाही. एका मायक्रोग्रॅमपैकी साधारण निम्मे अंगी लागते. रिकामा झालेला साठा त्याने भरून निघत नाही. शिवाय फॉलिक ॲसिड रक्त सुधारलेले दाखवते आणि बी12 च्या तुटीमुळे होणारी नसांची हानी आतल्या आत चालू राहते. बालाघाट यांचे हिमोग्लोबिन त्यामुळेच सावरलेले दिसले असण्याची शक्यता आहे.

खाम (छत्रपती संभाजीनगर)
माझ्या आईला मधुमेह आहे आणि ती बारा वर्षांपासून मेटफॉर्मिन घेत आहे. तिलाही हीच गोळी सुरू करू का?

पूर्णाकाठ (परभणी)
ताई, इथला प्रश्न निरोगी माणसांपुरता आहे. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्याने बी12 चे शोषण कमी होते, त्यामुळे आईंची बी12 तपासणी तिच्या डॉक्टरांकडून करून घ्या आणि गोळीचा निर्णय त्यानंतर घ्या.

बिंदुसरा (बीड)
स्मरणशक्तीबद्दल कोणीच लिहिले नाही. अमेरिकेतल्या ‘कॉसमॉस’ अभ्यासात गोळी घेणाऱ्या वयस्करांची स्मरणशक्ती किंचित चांगली राहिली.

पूर्णाकाठ (परभणी)
ते खरे आहे, आणि तो निष्कर्ष मी नाकारत नाही. मात्र त्यात पुरुष साठीच्या आणि स्त्रिया पासष्टीच्या पुढच्या होत्या. चव्वेचाळीस वर्षांच्या माणसासाठी त्यावरून काही सांगता येणार नाही.

मांजराकाठ (लातूर)
आपण सर्वांनी वेळ काढून लिहिले याबद्दल आभार. मी गोळी सुरू न करता आधी तपासणी केली. बी12 240 आले आहे आणि प्रयोगशाळेच्या कागदावर 200 च्या वरचे सामान्य म्हटले आहे. आता काय करावे?

पूर्णाकाठ (परभणी)
200 ते 300 हा संशयाचा पट्टा आहे; कागदावर सामान्य असूनही पेशींना कमतरता असू शकते. तुमचे ताट पाहता मी याला पुरेसे म्हणणार नाही. रोज दोन पेले दूध वाढवा, किंवा डॉक्टरांना विचारून फक्त बी12 ची गोळी घ्या, आणि तीन-चार महिन्यांनी पुन्हा तपासा.

बिंदुसरा (बीड)
माझ्या दुकानात 500 मायक्रोग्रॅम बी12 असलेली मल्टीव्हिटॅमिनही आहे. एवढ्या मोठ्या मात्रेतले दोन टक्के अंगी लागले तरी दिवसाची गरज भागून उरते. मग तीच का नको?

पूर्णाकाठ (परभणी)
बी12 पुरते तुमचे गणित बरोबर आहे. पण सोबतचे वीस घटक यांना कशासाठी हवेत, याचे उत्तर या धाग्यावर अजून कोणी दिलेले नाही.