अनुभव धागा: पट्ट्या कापून क्षेत्रफळ

चाळकर मास्तर: गणित शिकताना किंवा शिकवताना काहीतरी अचानक दिसलं, असा प्रसंग असेल तर लिहा. सुरुवात मी करतो.

लालबागला चाळीतल्या खोलीत मी बारावीच्या चार पोरांना शिकवतो. त्यातल्या एकाला प्रिलिमला ८० पैकी १९ पडले. दुसऱ्या दिवशी वही न घेताच आला. "सर, इंटिग्रेशन ऑप्शनला टाकतो. x² चं x³/3 होतं एवढं पाठ आहे. त्याचा क्षेत्रफळाशी काय संबंध?"

चूक माझीच होती. फळ्यावर तीन पट्ट्या काढून "अशा अनंत पट्ट्या" म्हणत मी पुढे सटकलो होतो.

त्याला ग्राफ पेपर दिला. १० सेंमीच्या चौकोनात y = x²/10 चा वक्र काढायला लावला, एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जाणारा. मग एक सेंमी रुंदीच्या दहा पट्ट्या, सगळ्या वक्राच्या खाली राहतील अशा. उंची ०, ०.१, ०.४, ०.९ करत ८.१ पर्यंत. बेरीज २८.५ चौरस सेंमी. "सर, वरचे तुकडे राहिले." बरं, मग वक्राच्या वर डोकावणाऱ्या घे. ३८.५. "म्हणजे खरं उत्तर ह्या दोघांच्या मध्ये अडकलंय." हे तो बोलला, मी नाही.

फरक बरोबर १० कसा आला? प्रत्येक पट्टीचा वरचा जास्तीचा तुकडा त्याने रंगवला, कात्रीने कापला आणि एकावर एक रचला. एकच खांब उभा राहिला, १ सेंमी रुंद, १० सेंमी उंच. पट्टी अर्ध्या सेंमीची केली तर? हिशेब न करता म्हणाला, "खांब अर्धा. पाच." नंतर मोजलं तर ३०.८७५ आणि ३५.८७५. मग स्वतःच सूत्र लावलं, x³/30, उत्तर ३३.३३. दोघांच्या मध्ये. "बसतंय की, सर!"

बसतंय हे कळलं. सूत्र मुळात येतं कुठून, ते त्या दिवशी राहिलंच.

गच्चीवरची: आम्हाला सरांनी सोपं करून सांगितलेलं. पट्टी बारीक करत करत रेघ होते, आणि रेघा जोडल्या की क्षेत्रफळ.

निवृत्त सर्व्हेअर: ताई, बारीक करण्यापर्यंत बरोबर, पण रेघ होऊ देऊ नका. रेघेला रुंदीच नाही. शून्यं कितीही मिळवली तरी शून्यच. रुंदी कमी होत जाते, संपत नाही. मास्तरांचा खांब हवा तितका बारीक करता येतो, सगळी गंमत त्यात आहे. मात्र वक्र सतत चढता किंवा सतत उतरता असेल तरच एक खांब रचला जातो. मध्ये शिखर असेल तर तिथे तोडून दोन खांब करायचे.

आमची आयुष्यभराची मोजणी हीच. नाल्याकडची हद्द वाकडी असली की सरळ बेसलाइन टाकायची, दर पाच मीटरवर ऑफसेट, म्हणजे तिच्यापासून हद्दीपर्यंतचं काटकोनातलं अंतर, घ्यायचा, शेजारच्या दोन ऑफसेटची सरासरी गुणिले पाच. मास्तरांच्या दहाच पट्ट्यांना ही रीत लावा, ३३.५ येतं. किंचित जास्त, कारण वक्र आत दबलेला आहे. हद्द बाहेर फुगलेली असेल तर कमी येतं. खरी फसगत दोन ऑफसेटच्या मध्ये वळण लपलं की होते, आणि कागदावर ते कळत नाही. शंका आली की मध्ये एकेक ऑफसेट वाढवून पुन्हा बेरीज करायची. आकडा बराच हलला तर पहिला आकडा विसरा.

सोसायटीचा सेक्रेटरी: एरियाचा विषय निघालाय म्हणून विचारतो. आमचं रीडेव्हलपमेंट चाललंय. कार्पेटमध्ये भिंती धरतात का?

चाळकर मास्तर: काका, धागा गणिताचा आहे हो. तरी सांगतो, रेराच्या व्याख्येत घरातल्या पार्टिशनच्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी नाही.

सेक्रेटरी: बिल्डर बाल्कनी धरूनच आकडा सांगतो! बरं, चालू द्या.

एफवाय_बीएस्सी: माझा किस्सा उलटा. sin x, 0 ते 2π. उत्तर शून्य आलं आणि मी "क्षेत्रफळ शून्य" लिहून आले. घरी आकृती काढली तर दोन ढळढळीत फुगवटे. अक्षाखालच्या पट्ट्यांची उंची उणे धरली जाते, म्हणून वरचे २ आणि खालचे २ एकमेकांना खाऊन बसले. π ला तोडून खालचा भाग अधिक धरला असता तर ४ आलं असतं. आकृती आधी काढा असं कुणी बजावलंच नव्हतं.

निवृत्त सर्व्हेअर: मास्तर, सूत्राचं राहिलंय ना, मग सगळ्या पट्ट्या सोडून त्याला फक्त शेवटची दाखवा. कड एक मिलिमीटर पुढे सरकवली तर क्षेत्रफळ किती वाढलं?

चाळकर मास्तर: साधारण त्या जागची उंची गुणिले एक मिलिमीटर. म्हणजे वाढीचा वेग उंचीएवढा... डेरिव्हेटिव्ह त्याला येतो, पण तो ह्याला जोडेल का, शंका आहे. गुरुवारी बसतोय. कात्री घेऊनच जातो.