अनुभव धागा: ‘हरवले-सापडले’ नोंदवहीत वर्णन किती लिहावे?

निवृत्त_लिपिक, सदाशिव पेठ
काल घर आवरताना शाळेच्या जुन्या नोंदवहीचे एक पान सापडले आणि एका घड्याळाची आठवण झाली. वस्तूच्या रकान्यात मी ‘मनगटी घड्याळ, तपकिरी पट्टा, मागे अ. प. अक्षरे’ असे लिहून वही टेबलावर उघडी ठेवली होती. दोन दिवसांनी एक गृहस्थ आले, मागे अ. प. ही आजोबांची आद्याक्षरे असल्याचे सांगून, सही करून घड्याळ घेऊन गेले. चार दिवसांनी आठवीतल्या मुलीची आई आली आणि अक्षरे अ. य. असल्याचे म्हणाली. मी घाईत ‘य’ची गाठ मारायची विसरलो होतो, म्हणजे त्या गृहस्थांनी घड्याळ नव्हे, माझी चूक वाचली होती. त्यानंतर वहीत केवळ ‘मनगटी घड्याळ’ एवढेच लिहून बारीक खूण नोंद क्रमांकाच्या बंद पाकिटात ठेवू लागलो.

कोथरूडची_आई
माझ्या मुलाचा डबा जूनपासून सापडलेला नाही. निळ्या झाकणाचा आहे, कोणी पाहिला आहे का?

हिशेबनीस
आमच्या कार्यालयात रोख सापडली की दोघांसमोर मोजतात, दोघांच्या सह्या घेतात आणि रक्कम वहीत न लिहिता पाकिटात ठेवतात. वर्षभरात कोणी आले नाही, तर ती सापडवणाऱ्याचीच होते.

वकीलकाका
हिशेबनीस, मोजणी योग्य आहे, परंतु वर्ष उलटले म्हणून मालकी बदलते असे नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७१ नुसार वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर ती सांभाळण्याची जबाबदारी येते. म्हणूनच ‘सापडल्याची तारीख’ आणि ‘जमा केल्याची तारीख’ हे रकाने वेगळे हवेत, कारण मधले तीन दिवस वस्तू कोणाकडे होती, हाच प्रश्न वादात येतो.

पेठेतला_शिपाई
पावसाळ्यात आमच्याकडे ‘काळी छत्री’ अशा अकरा नोंदी होत्या. मालकाला छत्री न दाखवता दांडा कसा आहे, एवढेच आम्ही विचारायचो. मोबाईल मात्र आम्ही चार्ज करून ठेवतो, कारण मालक स्वतःच त्यावर फोन करतो.

निवृत्त_लिपिक
खूण पाकिटात ठेवली, तरी नेणाऱ्याचे ओळखपत्र पाहून त्याची सही आणि देणाऱ्याचीही सही ‘दावा’ रकान्यात हवीच. त्या गृहस्थांची सही आजही पानावर आहे, परंतु ती वाचता येत नाही.

शिक्षिका_हडपसर
सापडवणाऱ्या मुलाचे नाव उघड लिहावे का? आमच्याकडे कौतुक म्हणून लिहितात, परंतु एकदा पाकिटातले पैसे कमी असल्याचे सांगत एक पालक थेट त्या मुलाच्या वर्गात गेले होते.

कोथरूडची_आई
डबा मिळाला, बसमध्येच होता. झाकण हिरवे निघाले.