मदत हवी आहे: फळवण्याआधी खुराक दिला, तरी जुळी कमीच

माळावरची_शेळी: परांडा तालुक्यात माझ्या 14 उस्मानाबादी शेळ्या आहेत. मृगात बोकड सोडते, म्हणजे कार्तिकाच्या सुमारास करडं येतात. गेल्या वर्षी फ्लशिंगचं ऐकून 1 जूनपासून सगळ्यांना रोज अर्धा किलो मका भरडा सुरू केला. तिसऱ्या दिवशी तीन शेळ्यांनी चारा सोडला, पातळ लेंडी झाली. त्या सावरल्या. 15 तारखेला बोकड सोडला आणि शेळी फळली की तिचा खुराक बंद केला. 14 पैकी 4 उलटल्या, 10 व्यायल्या, जुळी फक्त तिघींना. कुठे चुकलं? यंदा भरडा देऊ की पैसे वाचवू?

बोकडवाला_पप्पू: ताई, बोकडाचं वजन वाढवायला मका चांगलाच. माझे ईदचे बोकड तीन महिन्यांत भरतात. शेंगदाणा पेंड घाला.

माळावरची_शेळी: भाऊ, विक्रीचे बोकड नाहीत, माद्या फळवायच्या आहेत.

सोनाली_गोठा: जुळी हवी असतील तर शेवटच्या महिन्यात खुराक वाढवा. मी तसंच करते, करडं टणटणीत होतात.

गुरांचा_दादा: सोनालीताई, करडं टणटणीत होतात हे खरं, पण शेवटच्या महिन्यात त्यांची संख्या वाढत नाही. एक की दोन हे शेळी माजावर येते तेव्हा किती बीजं सुटतात त्यावर ठरतं. म्हणून फ्लशिंग त्याच्या आधी.

माळावरच्या ताई, तुमच्याकडे तीन गोष्टी झाल्या. पहिली, अर्धा किलो भरडा एकदम दिला. पोटाला सवय नसताना धान्य पडलं की ते आंबतं, म्हणून चारा सुटला. त्या आठवड्यात शेळ्या अंगाने भरायच्या ऐवजी खालावल्या असणार. दुसरी, फळल्या त्याच दिवशी खुराक तोडला. गर्भ गर्भाशयाला धरायला तीन आठवडे तरी लागतात, त्या काळात उपासमार झाली तर तो टिकत नाही आणि शेळी उलटल्यासारखी दिसते. तिसरी, सगळ्यांना सारखंच दिलं. बोकड सोडताना किती शेळ्या हडकुळ्या होत्या?

माळावरची_शेळी: पाच-सहा असतील. बाकी बऱ्या होत्या, दोन तर लठ्ठच.

गुरांचा_दादा: मग फायदा त्या सहांनाच होणार. शेवटच्या बरगडीच्या मागे कमरेवर हात ठेवा. कण्याची टोकं बोचत असतील आणि बाजूच्या हाडांखाली बोटं सहज जात असतील, तर ती खरी गिऱ्हाईक. दाबल्यावर हाड लागतं पण बोचत नाही, ती ठीक. तिला थोडं दिलं तरी चालेल. लठ्ठीला भरडा म्हणजे पैसा वाया.

सहाच वेगळ्या काढा. पहिल्या दिवशी 100 ग्रॅम, आठवडाभरात 250 ग्रॅमपर्यंत न्या. बोकड सोडायच्या तीन आठवडे आधी सुरू करा आणि फळल्यावर तीन आठवडे चालू ठेवा, मग हळूहळू कमी करा. 42 दिवस गुणिले 250 ग्रॅम गुणिले 6, म्हणजे साधारण 63 किलो भरडा. त्यात पाव भाग पेंड आणि चिमूटभर क्षार मिश्रण. बोकड आधी महिनाभर नजरेआड ठेवा, मग सोडला की आठ-दहा दिवसांत बऱ्याच एकत्र माजावर येतात.

मेंढका_माणदेश: दादा, माझ्या दख्खनी मेंढ्यांना हेच केलं. पाल्याबरोबर मकाही घातला, पण जुळी दोनच. मग उपयोग काय?

गुरांचा_दादा: दख्खनी मेंढी मुळातच एक कोकरू देणारी. खुराकाने गाभण राहण्याचं प्रमाण सुधारतं, जुळ्यांवर फार परिणाम होत नाही. जुळी हवी असतील तर जातीतच बीज हवं. फलटणच्या निंबकर संस्थेने बंगालच्या गारोळ मेंढीतला जुळ्यांचा जनुक दख्खनीत आणून नारी सुवर्णा तयार केली, ती याचसाठी.

मेंढका_माणदेश: ऐकून आहे. पण आम्ही चालत्या कळपाचे, दोन कोकरांना दूध पुरत नाही, एक मरतं. मला एकच बरं.

गुरांचा_दादा: तुमच्या बाबतीत मीही तेच म्हणेन.

सोनाली_गोठा: पण फळल्यावर तीन आठवडे म्हणता, आमच्या इकडे एक जण म्हणतो जास्त दिलं तरी गर्भ पडतो.

गुरांचा_दादा: मेंढीत फळल्यानंतर फार भरपूर खाणं घातलं तर गर्भ टिकवणारं संप्रेरक रक्तात कमी होतं, म्हणून तोही अगदी चूक नाही. म्हणूनच मी 250 वर थांबतो आणि जितकं होतं तितकंच चालू ठेवा म्हणतो. वाढवू नका, तोडूही नका. शेळ्यांत नेमकी रेषा कुठे, यावर एकमत दिसत नाही.

माळावरची_शेळी: आज कमरेवर हात ठेवून बघितलं. पाच बोचतात, सहा ठीक, तीन लठ्ठ. बोचणाऱ्यांपैकी दोघींची करडं अजून पीत आहेत.

गुरांचा_दादा: ती करडं चार महिन्यांच्या आसपासची असतील तर आधी तोडा, नाहीतर भरडा दुधातच जाईल. आणि हो, सुरुवातीआधी जंताचं औषध.

माळावरची_शेळी: एकीची साडेतीन महिन्यांची, दुसरीची फक्त दोन महिन्यांची. लहानगीच्या आईला या मृगात सोडायचं की पुढच्या खेपेला?

सोनाली_गोठा: मी तरी सोडलं नसतं. दोन महिन्यांचं करडू आणि पुन्हा पोट, शेळी खचते.

बोकडवाला_पप्पू: माझी आई तर दोन महिन्यांतच भरवते, आणि शेळी चालते.