मदत हवी आहे: ‘तसदीबद्दल क्षमस्व’ इंग्रजी ईमेलमध्ये कसं लिहायचं?

मराठी मसुदा असा येतो: ‘आपल्या व्यस्त दिनक्रमातून वेळ काढून सोबतचा आराखडा नजरेखालून घालावा, ही नम्र विनंती. तसदीबद्दल क्षमस्व.’

शब्दशः केलं की ‘आय हंबली रिक्वेस्ट यू’ होतं, म्हणजे थेट रजेचा अर्ज! शेवटची माफी तर उलटतेच, कारण वाचणारा नक्की काय बिघडलं ते शोधू लागतो. म्हणून नम्रता मी विशेषणांऐवजी तपशिलात घालते: ‘कुड यू लुक ओव्हर पेजेस 3 अँड 4 बाय थर्सडे? द रेस्ट इज अनचेंज्ड.’ समोरच्याचं वाचन कमी केलं की आदर दिसतोच. ‘काइंडली’ मात्र टाळते. ते बऱ्याच जणांना दटावणीसारखं लागतं, आणि ‘कुड यू’मध्ये ‘कृपया’ आलेलंच असतं.

अडतं ते तसदी खरी असते तेव्हा. समजा, क्लायंटने मंजूर केलेलं पान आपल्या बदलामुळे पुन्हा तपासायला पाठवायचंय. माझं वाक्य: ‘सॉरी टू आस्क यू टू चेक धिस अगेन. वी करेक्टेड द टोटल्स आफ्टर यू अप्रूव्ह्ड इट.’ माफी एकदाच, कारणासकट. वरिष्ठांना हे कोरडं वाटतं, ते ‘वी डीपली रिग्रेट’ घालायला सांगतात. एवढ्याशा गैरसोयीला ते फार जड होतं, शिवाय उद्या मोठी चूक झाली तर शब्दच उरत नाहीत.

या दोन्हींच्या मधलं, जरा ऊबदार वाक्य कुणी वापरतं का? पूर्ण वाक्य द्या, आणि ते ईमेलच्या सुरुवातीला ठेवता की शेवटी, तेही सांगा.