मदत हवी आहे: नवीन यूट्यूब चॅनेल, फक्त कढीपत्त्यावर बोलत राहू का?

कुंडीवाली (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. सात महिन्यांपूर्वी मराठी यूट्यूब चॅनेल सुरू केलं. मनात आलं ते टाकत गेले. आजपर्यंत ४७ व्हिडिओ झाले: २४ पाककृती, १३ गॅलरीतल्या झाडांचे आणि १० आमच्या भटकंतीचे (दोन राजगड, बाकी किरकोळ). सबस्क्रायबर ३१२, त्यातले चाळीसेक तर नातेवाईक आणि सोसायटीतलेच.

जानेवारीत 'कुंडीतल्या कढीपत्त्याची पाने पिवळी का पडतात' हा व्हिडिओ सहज टाकला. आवाज नीट नाही, मागे कुकरची शिट्टी ऐकू येते. त्याला ११,४०० व्ह्यूज झाले! बाकी कुठलाही व्हिडिओ ४०० च्या वर गेलेला नाही. हा चालला म्हणून हुरूप आला आणि पाचव्या दिवशी मटार करंजीचा व्हिडिओ टाकला. तो खूप मेहनतीने केला होता. त्याला ९४ व्ह्यूज.

भाऊ म्हणतो, "एकच विषय धर." पण मराठीत बघणारे आधीच कमी, त्यातून झाडंवाले, त्यातून कढीपत्ता. इतकं चिमटीत धरलं तर वाढणार काय? शिवाय स्वयंपाक मला जास्त आवडतो. काय करू?

सह्यवेडा

ताई, तुमचं चॅनेल आता 'मिक्स' म्हणून नोंदलं गेलंय. यूट्यूब अशा चॅनेलला मागे टाकतं. हे बंद करा आणि नवीन काढा. शिवाय रोज एक शॉर्ट टाका, सबस्क्रायबर भराभर वाढतात. माझे दीड महिन्यात ८०० झाले.

मोरपीस

माझ्याही कढीपत्त्याची पाने पिवळी होतायत, पण फक्त नवीन पाने. शिरा हिरव्याच आहेत. आंबट ताक घातलं, काही फरक नाही. बोअरचं पाणी आहे. कोणी सांगेल का?

जुनाखोडकर

मोरपीस, तुमचा प्रश्न वेगळा आहे, पण तो इथे आला हे बरं झालं. परत येतो त्याच्यावर.

कुंडीवाली ताई, मी चार वर्षं दोघातिघांची चॅनेलं सांभाळतो. सगळी छोटी, सगळी मराठी. सल्ला देण्याआधी तीन आकडे हवेत. स्टुडिओत त्या कढीपत्त्याच्या व्हिडिओच्या ॲनालिटिक्समध्ये जा. व्ह्यूज कुठून आले? थंबनेल दिसल्यावर किती टक्के लोकांनी दाबलं? आणि कुठल्या व्हिडिओने किती सबस्क्रायबर दिले? मटार करंजीचंही हेच बघा.

कुंडीवाली

बसून काढलं. कढीपत्त्याचे ६८ टक्के व्ह्यूज सर्चमधून. दाबणारे ७.१ टक्के. करंजीला १.६.

सबस्क्रायबर असे: एकट्या कढीपत्त्याने १७१ दिले. झाडांच्या बाकी १२ व्हिडिओंनी मिळून ५८, चोवीस पाककृतींनी ६१ (नातेवाईक इथेच असणार), भटकंतीने २२.

सर्चमध्ये लोकांनी काय टाईप केलं तेही दिसतं, हे मला माहीतच नव्हतं. `kadipatta pivla padto`, `kadhipatta yellow leaves marathi`, 'कढीपत्ता वाढत नाही' असं काय काय आहे.

जुनाखोडकर

आता बोलता येईल.

करंजी वाईट होती म्हणून पडली नाही. नवीन व्हिडिओ आला की यूट्यूब तो आधी थोड्या लोकांना दाखवून बघतं, आणि त्यात तुमचे अलीकडचे प्रेक्षक बरेच असतात. त्या आठवड्यात तुमचे प्रेक्षक कोण होते? पाने पिवळी पडल्याने वैतागलेली माणसं. त्यांच्यासमोर करंजी आली आणि त्यांनी अंगठा वर सरकवला. शंभरात दीड-दोघांनी दाबलं. यूट्यूबच्याच मदतपानावर म्हटलंय की निम्म्या चॅनेलांचं आणि व्हिडिओंचं हे प्रमाण २ ते १० टक्क्यांमध्ये असतं. म्हणजे करंजी त्याच्याही खाली. मग पुढे दाखवणं थांबलं.

ही शिक्षा नाही, सह्यवेडा. चॅनेलवर 'मिक्स' असा शिक्का वगैरे काही नसतो. प्रत्येक व्हिडिओ आपापल्या जोरावर जातो. पण पहिली परीक्षा कोणासमोर होते ते चॅनेलच्या इतिहासावर ठरतं. मोठ्या चॅनेलकडे लाखभर प्रेक्षक असतात, त्यात करंजीवाले दहा हजार तरी निघतात. तुमच्याकडे तीनशे आहेत. त्यांचे तीन तुकडे केले तर कुठलाच तुकडा व्हिडिओ उचलण्याएवढा उरत नाही. सुरुवातीला अरुंद राहायचं ते एवढ्याचसाठी.

मराठीत बघणारे कमी, ही तुमची भीती मला उलटी वाटते. करंजीच्या सर्चमध्ये तुमच्यापुढे वर्षानुवर्षं जुनी, लाखो सबस्क्रायबरची चॅनेलं उभी आहेत. 'कढीपत्ता वाढत नाही' असं मराठीत विचारणाऱ्याला नेमकं उत्तर देणारे मोजकेच. नव्या खात्याला तिथेच दार उघडं मिळतं. आता मोरपीस यांचा प्रश्न बघा: नवीन पाने, हिरव्या शिरा, बोअरचं पाणी, ताकाने फरक नाही. हा तुमचा पुढचा व्हिडिओ आहे, लिहून तयार.

मांडवीकाठ

मी गोव्यातून. माझा अनुभव सांगतो, इन्स्टाग्रामचा आहे पण प्रश्न हाच. मी फक्त मासळी बाजारातली ताजी मासळी कशी ओळखायची आणि कशी साफ करायची, एवढंच दाखवायचो. पाककृती शून्य. पहिल्या चार महिन्यांत जे वाढलं ते नंतर कधी वाढलं नाही. लोक रील थेट बायकोला, आईला पाठवायचे: "हे बघ, गालफडं अशी लाल पाहिजेत."

पण १ जूनला मासेमारी बंदी लागली. ३१ जुलैपर्यंत बाजारात ट्रॉलरची मासळी नाही, दाखवायचं काय? मी घाबरून मधेच पावसाळी धबधबे टाकले. ऑगस्टमध्ये परत मासळी आणली तर लोकांचा प्रतिसाद निम्म्यावर. म्हणून म्हणतो, विषय एवढाही बारीक नको की दोन महिने कोरडे जातील. सुकी मासळी आणि खाडीतले तिसरे-कालवं आधीच हळूहळू आणली असती तर निभावलं असतं.

सह्यवेडा

शॉर्ट्सबद्दल कोणी काही बोललं नाही. ८०० सबस्क्रायबर खोटे आहेत का?

जुनाखोडकर

खोटे नाहीत. पण तुमच्या मोठ्या व्हिडिओला त्यातले किती येतात? शॉर्ट्स फीडमध्ये बघितलेले तास जाहिरातीच्या उत्पन्नासाठी लागणाऱ्या ४,००० तासांत धरले जात नाहीत. १,००० सबस्क्रायबर होतील आणि तास तिथेच राहतील. शॉर्ट्स काढूच नका असं नाही. ताईंनी काढले तर झाडांचेच काढावेत.

मांडवीकाठ यांचं म्हणणं अगदी बरोबर. फक्त कढीपत्ता ठेवला तर माझ्या मते पंधराव्या व्हिडिओला दम लागेल. ताई, विषय ठरवताना झाडाचं नाव धरू नका, माणूस धरा. कढीपत्त्याचा व्हिडिओ बघणारी व्यक्ती त्याच आठवड्यात तुमचा दुसरा कुठला व्हिडिओ उघडेल? तिच्याकडे कुंडी आहे, ऊन कमी आहे आणि झाड स्वयंपाकासाठी लावलंय. मिरची, पुदिना, लिंबू, कोथिंबीर ती बघेल. गुलाब बघेलच असं नाही. राजगड नक्की नाही. 'स्वयंपाकाला लागणारी झाडं, गॅलरीतल्या कुंडीत' एवढं कुंपण घालून बघा.

कागदावर तीस शीर्षकं लिहा, शक्यतो लोकांनी टाईप केलेल्या शब्दांत. बाराव्यालाच अडलात तर कुंपण फार आवळलंय. तीस झाल्यावरही सुचत राहिलं आणि पहिल्याचा प्रेक्षक तिसावा बघणार नाही असं वाटलं, तर फार सैल आहे.

कुंडीवाली

२६ झाली. त्यातली ११ कढीपत्त्याचीच.

जुन्या पाककृतींचं काय करू? उडवू?

जुनाखोडकर

उडवू नका, अनलिस्टेडही करू नका. ४,००० तासांत फक्त सार्वजनिक व्हिडिओंचे तास धरतात. काढले की तेवढे कमी होतात. चॅनेलच्या मुखपृष्ठावरून पाककृतींची रांग खाली ढकला आणि वर झाडांची प्लेलिस्ट लावा. कढीपत्त्याच्या व्हिडिओच्या शेवटच्या वीस सेकंदांत आत्ता काय दिसतं?

कुंडीवाली

"लाईक करा, शेअर करा" 🙈

जुनाखोडकर

तिथे मिरचीचा व्हिडिओ जोडा. आजच.

रेशीमधागा

थोडं विरोधी मत. मी शिवणकामाचं चॅनेल चालवते, सुरुवातीला फक्त ब्लाउजच्या बाह्या. वाढ झटपट झाली हे खरं. पण आता दोन वर्षांनी ड्रेस टाकला की कोणी बघत नाही आणि बाह्यांचा मला कंटाळा आलाय. कुंडीवाली ताईंना स्वयंपाक जास्त आवडतो, हे त्यांनीच लिहिलंय. त्याचा विचार कोणी केला नाही. मी असते तर पाककृतींसाठी दुसरं चॅनेल काढलं असतं.

जुनाखोडकर

मुद्दा वाजवी आहे. दोन चॅनेलं म्हणजे दुप्पट काम, म्हणून मी सहसा नको म्हणतो. पण आवडीचं काय करायचं, यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. कुंडीतल्या पुदिन्याची चटणी, घरच्या मिरचीचा ठेचा अशा वाटेने स्वयंपाक आत येऊ शकेल. तिथे प्रेक्षक तोच राहतो. मटार करंजीला ती वाट नाही.

कुंडीवाली (नऊ आठवड्यांनी)

सांगायला आले. आठ व्हिडिओ टाकले, सगळे कुंपणाच्या आतले. पहिल्या तिघांना १४०, २१०, १९०. इथे लिहून रडणार होते. चौथा 'कढीपत्त्याची पाने चिकट आणि काळी' हा २,३०० ला गेला. गंमत म्हणजे त्यानंतर आधीचे तीनही हलले, मिरचीचा १४० वरून ९०० झाला, आणि त्यातले बरेच व्ह्यूज कढीपत्त्याच्या व्हिडिओशेजारी सुचवला गेल्याने आलेत. सबस्क्रायबर ५९८. गवती चहा मात्र साफ पडला, १२० व्ह्यूज. का ते कळलं नाही, तोही स्वयंपाकातलाच की.

ठेच्याचा व्हिडिओ केला. दाबणारे ३.४ टक्के. करंजीपेक्षा बरा, कढीपत्त्यापेक्षा कमी. दुसऱ्या चॅनेलचा विचार अजून डोक्यात आहे.

मोरपीस

माझ्या झाडाचं कोणी सांगितलंच नाही.

कुंडीवाली

अगं खरंच की! नवीन पाने पिवळी आणि शिरा हिरव्या, म्हणजे बहुतेक लोह कमी पडतंय. बोअरचं पाणी जड असेल तर मातीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही. रोपवाटिकेत चिलेटेड लोह मागा, पाकिटावर लिहिलेल्या मापानेच घाला, आणि जमल्यास साठवलेलं पावसाचं पाणी द्या. आधीच्या पानांचा रंग फारसा सुधारणार नाही, पुढची फूट हिरवी येते का ते बघा. आत्ताच्या पानांचा फोटो पाठवाल का? नववा व्हिडिओ तुमच्याच शब्दांत करते: 'बोअरचं पाणी, नवीन पाने पिवळी, ताक घालूनही फरक नाही'.